पंचावन्न भागिले किती?

शाळेच्या वार्षिक अहवालात दहावीच्या निकालाला साधारण दोन ओळी मिळतात. वृक्षारोपणाला अर्धं पान, क्रीडा स्पर्धांना एक पान, पाहुण्यांच्या भाषणाला दीड पान आणि निकालाला दोन ओळी. पण स्नेहसंमेलनाच्या मांडवात अहवाल हातात पडला की लोक आधी त्याच ओळी शोधतात. बाकीचं घरी नेऊन वाचतात, किंवा वाचतही नाहीत.

मी जानेफळला एका माध्यमिक शाळेत शिकवतो. मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. शाळेत माझ्याकडे विज्ञान आहे. पण एक्सेल येतं असा एकदा बोभाटा झाला की माणसाकडे आपोआप काय काय येतं, तसा अहवालातला निकालाचा भाग माझ्याकडे आला. त्याला आता सहा वर्षं झाली. पुढे जे आकडे दिलेत ते एका वर्षाचे आहेत, पण मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे इकडेतिकडे सरकवले आहेत. हिशेबाची अडचण मात्र जशीच्या तशी आहे.

त्या वर्षी शाळेतून ६४ मुलांचे फॉर्म भरले गेले. त्यातले ५९ नियमित आणि ५ पुनर्परीक्षार्थी, म्हणजे आदल्या वर्षी राहिलेले. नियमितांपैकी दोघं एकाही पेपरला आली नाहीत. पुनर्परीक्षार्थींपैकी एक आला नाही. नियमितांतले ५५ उत्तीर्ण झाले, पुनर्परीक्षार्थींतले २. इथपर्यंत कुणाचाही वाद नाही. मंडळाने पाठवलेल्या एकत्रित निकालपत्रकात हे सगळं दिसतं.

वाद सुरू होतो भागाकारापाशी. ६४ पैकी ५७ म्हटलं तर ८९.०६ टक्के. जे परीक्षेला बसले त्या ६१ पैकी ५७ म्हटलं तर ९३.४४. फक्त नियमित घेतले आणि फॉर्म भरलेल्यांनी भागलं तर ९३.२२. फक्त नियमित घेतले आणि बसलेल्यांनी भागलं, म्हणजे ५७ पैकी ५५, तर ९६.४९. मुलं तीच, उत्तरपत्रिका त्याच, आणि शाळेचा निकाल एकोणनव्वदपासून शहाण्णवपर्यंत कुठेही.

यातला कुठला खरा, असं विचारलं तर उत्तर आहे की प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. मंडळ पत्रकार परिषदेत जो राज्याचा आणि विभागाचा निकाल सांगतं, तो नियमित विद्यार्थ्यांचा असतो, आणि भागाकार प्रविष्ट झालेल्यांनी केलेला असतो. पुनर्परीक्षार्थी आणि खासगी विद्यार्थी यांचे आकडे वेगळे सांगितले जातात. आमची शाळा अमरावती विभागात येते. आपला आकडा विभागाच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर तो त्याच पद्धतीने काढलेला हवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. म्हणून मुख्य ओळीत ९६.४९, हे मी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं. पण त्याच ओळीत ५९, ५७ आणि ५५ हे तिन्ही आकडेही लिहायचे, हेही ठरवलं. ज्याला भागाकार बदलून बघायचा असेल त्याने बघावा.

हे तीन आकडे लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. नुसते टक्के लिहिले की कुणी काही विचारत नाही. ५९ आणि ५७ शेजारी छापले की लगेच विचारतात, ती दोघं कुठे गेली?

त्यातल्या एकीचं फेब्रुवारीत लग्न झालं होतं. तिचं हॉलतिकीट शाळेच्या कपाटातच राहिलं. दुसरा बापासोबत पुण्याच्या बाजूला कामाला गेला आणि परीक्षेला येतो म्हणाला तो आलाच नाही. टक्केवारीच्या दृष्टीने या दोघांनी शाळेचं काही बिघडवलं नाही. उलट, हे अंगावर काटा आणणारं आहे पण गणित तसंच सांगतं, ती दोघं आली असती आणि नापास झाली असती तर निकाल ५९ पैकी ५५, म्हणजे ९३.२२ वर आला असता. न येऊन त्यांनी शाळेचा निकाल सव्वातीन टक्क्यांनी सांभाळला. प्रविष्ट झालेल्यांनी भागण्याच्या पद्धतीत हा दोष आहेच. ज्या मुलाबद्दल शाळेला धाकधूक आहे, ते मूल परीक्षेला न बसणंच शाळेच्या सोयीचं ठरतं.

हा दोष ओळखून त्याचा फायदा घेणारेही असतात. शिक्षकांच्या गप्पांत हे नवं नाही. नववीतलं कच्चं मूल हेरायचं, त्याच्या बापाला बोलावून ‘याले सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या, रेगुलर झेपणार नाही’ असं सांगायचं. सतरा नंबरचा फॉर्म हा शाळेबाहेर राहिलेल्यांना खासगी परीक्षा देता यावी म्हणून आहे, आणि शेकडो बायाबापड्यांनी त्याच्या जोरावर दहावी केली आहे. पण तोच फॉर्म नियमित मुलाच्या हातात दिला की ते शाळेच्या छेदातून गळतं. मग शंभर टक्के निकालाचा फलक लावायला वाट मोकळी.

म्हणून मी स्वतःपुरता आणखी एक आकडा काढतो, जो अहवालात जात नाही. आदल्या वर्षी नववीच्या हजेरीपटावर किती होते? त्या तुकडीत ७१ मुलं होती. ७१ पैकी ५५ म्हणजे ७७.४६ टक्के. हाही आकडा पूर्ण न्यायाचा नाही, कारण त्या सोळा जणांतले काही दाखला घेऊन मेहकरच्या शाळेत गेले आणि तिथे पास झाले असतील. ते आमचं अपयश नव्हे. पण जनरल रजिस्टर उघडून सोळाच्या सोळा नावांपुढे कारण शोधायला एक दुपार पुरते. ‘पालकांची बदली’, ‘दुसऱ्या शाळेत प्रवेश’ अशी कारणं भराभर सापडतात. ज्या नावांपुढे काहीच सापडत नाही, त्यांची संख्या मी एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांना देतो. ते तो कागद घडी करून खिशात ठेवतात. आजवर त्यांनी तो परत दिलेला नाही आणि मीही मागितलेला नाही.

आता दुसरी गंमत. अहवालासाठी प्रत्येक विषयशिक्षक आपापल्या विषयाचा निकाल लिहून देतो. त्या वर्षी पाच विषयांपुढे १०० टक्के आणि गणितापुढे ९८.२५ असं आलं. आमच्या पर्यवेक्षकांनी सहा आकड्यांची बेरीज केली, सहाने भागलं आणि म्हणाले, “सर, शाळेचा निकाल नव्व्याण्णव पूर्णांक एकाहत्तर निघतो. तुम्ही शहाण्णव काहून लिहून राहिले?”

प्रश्न रास्त होता. उत्तर असं की विषयांच्या टक्केवारीची सरासरी म्हणजे शाळेचा निकाल नव्हे, आणि तो कधी असूही शकत नाही, सगळे पास किंवा नापास झालेला प्रत्येक जण सगळ्याच विषयांत नापास असल्याखेरीज. मूल एका विषयात राहिलं तरी ते शाळेच्या निकालात नापास. पण त्याचं नापास होणं सहापैकी एकाच विषयाच्या खात्यावर पडतं. मी त्यांना फळ्यावर एक टोकाचं उदाहरण करून दाखवलं. समजा ५७ पैकी सहा मुलं नापास झाली आणि प्रत्येक जण वेगळ्या विषयात. मग प्रत्येक विषयाचा निकाल ५७ पैकी ५६, म्हणजे ९८.२५. सहाही शिक्षक खूश. आणि शाळेचा निकाल? ५७ पैकी ५१, म्हणजे ८९.४७. पर्यवेक्षकांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे सहा जणांनी मिळून एकेक पोट्टं लपवलं.” मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

पण त्या यादीत आणखी एक गाठ होती, आणि ती माझ्याच विषयात. शाळेत दोन मुलं नापास होती. एक गणितात. मग दुसरा कुठे गेला? कारण उरलेल्या पाच विषयांपुढे तर शंभर लिहिलं होतं. दुसरा मुलगा विज्ञान भाग दोनच्या पेपरच्या सकाळी गाडीवरून पडला होता आणि केंद्रावर पोचलाच नाही. भाग एकचा पेपर त्याने दिला होता. आमच्या तक्त्यात त्याच्या विज्ञानाच्या चौकटीत गुणांऐवजी ‘गै’ लिहिलं होतं. एक्सेलचं `COUNT` फक्त आकडे मोजतं, अक्षरं सोडून देतं. म्हणून विज्ञानाला बसलेले ५६ आणि पास झालेले ५६, निकाल शंभर टक्के. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला विचारलं होतं, आकडे किती आहेत. त्याने सांगितलं.

जो मुलगा सगळ्याच पेपरांना गैरहजर तो प्रविष्ट नाही. पण ज्याने एक जरी पेपर दिला तो प्रविष्ट, आणि राहिलेल्या पेपरामुळे तो नापास. हा फरक निकालपत्रकात स्पष्ट असतो; आपल्या तक्त्यात दोन्हींसाठी एकच ‘गै’ लिहिलं की तो पुसला जातो. तेव्हापासून सगळ्या पेपरांना गैरहजर असलेल्यांची नावं मी तक्त्याच्या शेवटी वेगळी नेऊन ठेवतो. विज्ञानाचा निकाल त्या वर्षी ९८.२५ छापला. शिक्षक मीच असल्यामुळे भांडायला कुणी आलं नाही.

उलटी चूकही होते. ‘गै’च्या जागी शून्य टाकलं की छेद बरोबर येतो, पण विषयाची सरासरी खाली जाते, आणि वर्षभराने बघणाऱ्याला वाटतं की मुलाला खरंच शून्य मिळालं. आणि एक गोष्ट कुणीही करू नये ती म्हणजे पास-नापास स्वतः ठरवणं. ३५ किंवा त्याहून जास्त ते पास असं सूत्र टाकून मोजायचा मोह होतो. पण मंडळाचे सवलतीच्या गुणांचे नियम आहेत, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या सवलती आहेत. निकालपत्रकात शेवटी निकालाचा रकाना असतो, त्यात मंडळाने जे लिहिलं ते मोजायचं.

आता विषयवार प्रथम. इथे भागाकार नाही, सगळ्यात मोठा आकडा शोधायचा, त्यामुळे हे सोपं आहे असा समज आहे. आमच्या तक्त्यात नावं B रकान्यात, मराठीचे गुण D मध्ये, गणिताचे G मध्ये, आणि ५९ नियमित मुलं ओळ २ ते ६०. मराठीसाठी सूत्र टाकलं, ९२ आलं. मुलीचं नावही आलं. पण नाव लिहून घेण्याआधी मी प्रत्येक रकान्याखाली एक मोजणी करतो:

```
=COUNT(D2:D60)
```

उत्तर ५७ यायला हवं, कारण ५९ पैकी दोघं आलीच नाहीत. आलं ५६. म्हणजे मराठीच्या रकान्यात कुठेतरी एक आकडा असा होता जो एक्सेलच्या लेखी आकडा नव्हता. तो शोधायला सूत्र लागत नाही. आकडे चौकटीत उजवीकडे सरकून बसतात आणि अक्षरं डावीकडे. रकान्यावरून नजर फिरवली तर एकोणचाळिसाव्या ओळीत एक ९४ डावीकडे चिकटून बसलेला. पीडीएफमधून मजकूर उचलताना त्याच्यापुढे एक मोकळी जागा आली होती, आणि त्या जागेमुळे तो ‘शब्द’ झाला होता. `MAX` शब्दांकडे बघत नाही. ती जागा पुसली, मोजणी ५७ झाली, आणि मराठीत प्रथम येणारी मुलगी बदलली.

मला नेहमी वाटतं, टक्केवारीतली चूक निदान कुणाच्या घरी जात नाही. ही जाते. या मुलीचं गाव आमच्याहून सहा किलोमीटर आत आहे, ती सायकलने यायची, आणि तिला ९४ आहेत हे तिला गुणपत्रिकेवरून माहीत होतं. मांडवात ९२ वाल्या मुलीचं नाव पुकारलं गेलं असतं आणि ही ते ऐकत बसली असती. ती काही बोलली नसती. आमच्याकडची मुलं अशा वेळी बोलत नाहीत.

गणितात वेगळंच. सगळ्यात जास्त गुण ९६. नाव शोधायचं रूढ सूत्र असं:

```
=INDEX(B2:B60,MATCH(MAX(G2:G60),G2:G60,0))
```

याने एक मुलगा दिला. हे सूत्र वरून खाली शोधत जातं आणि पहिला ९६ सापडला की थांबतं. खाली आणखी कुणी आहे का हे ते बघत नाही. म्हणून त्याच्याशेजारी दुसरं सूत्र हवंच:

```
=COUNTIF(G2:G60,MAX(G2:G60))
```

उत्तर २ आलं. पाच ओळी खाली एक मुलगी होती, तिलाही ९६. आता गणिताला आमच्याकडे एका जुन्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ठेव आहे. पाच हजार रुपये बँकेत, त्याचं व्याज ‘गणितात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास’. एकवचनी. ठेव ठेवली तेव्हा दोघांना सारखे गुण मिळतील असं कुणाच्या मनात आलं नसावं. कुणी म्हणालं, भूमितीत जास्त ज्याला त्याला द्या. कुणी म्हणालं, एकूण टक्के बघा. दोन्ही सूचना कागदावर नसलेले नियम होते, आणि असे नियम निकाल बघून केले की ते कुणाच्या तरी बाजूचे होतात. शेवटी तीनशे रुपयांचे दीडशे-दीडशे झाले आणि अहवालात दोन्ही नावं एका ओळीत गेली.

हिंदी-संस्कृतने तर रकानाच मोडला. आमच्याकडे काही मुलं पूर्ण हिंदी घेतात, शंभर गुणांचं. बाकीची संयुक्त घेतात, पन्नास गुणांचं हिंदी आणि पन्नासांचं संस्कृत. तक्त्यात मात्र ‘द्वितीय भाषा’ असा एकच रकाना असतो, दोन्हींची बेरीज शंभरपैकीच येते, आणि त्यातून मोठा आकडा उचलला की ‘हिंदीत प्रथम’ म्हणून संस्कृतचे गुण पुकारले जातात. पूर्ण हिंदीत सगळ्यात जास्त ८९ होते. संयुक्तमधल्या हिंदीत पन्नासपैकी ४६. टक्क्यांत बघितलं तर ४६ वरचढ, ब्याण्णव टक्के. पण प्रश्नपत्रिका वेगळी, अभ्यासक्रम वेगळा. टक्के काढल्याने दोन पेपर एक होत नाहीत. आम्ही हिंदी पूर्ण, हिंदी संयुक्त, संस्कृत संयुक्त अशा तीन ओळी केल्या. एक बक्षीस वाढलं, संस्थेचे पन्नास रुपये गेले.

शाळेत पहिला कोण, यावरही बोलावं लागलं. टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची, पाचशेपैकी. एका मुलीला ४६७ होते. एका मुलाला ४६४ आणि चित्रकलेचे जादा ५, म्हणजे ४६९. मंडळाच्या गुणपत्रिकेवर त्याचे ९३.८० टक्के आणि तिचे ९३.४०. आम्ही मंडळाची टक्केवारी मानतो, म्हणून पहिला तो. मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, “पेपरात तर तिले जास्त हायेत ना?” होते. अहवालात त्याच्या नावापुढे ‘(जादा गुणांसह)’ असं लिहिलं, जे खरं होतं. विषयवार यादीत मात्र जादा गुणांचा प्रश्न येत नाही, कारण ते एकूण गुणांत मिळवले जातात, विषयात नाही. इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रं अशा दोन ठिकाणी त्या मुलीचं नाव होतं.

अहवाल छपाईला गेला तो डिसेंबरात, आणि तोवर जुलैतल्या पुरवणी परीक्षेचा निकाल केव्हाच लागून गेला होता. गाडीवरून पडलेला मुलगा विज्ञानात पास झाला होता. साहजिकच सूचना आली, आता ५६ करा की, ९८.२५ होतात. मार्चच्या छेदावर जुलैचा अंश ठेवायचा नाही, एवढंच मी म्हणालो. मार्चची ओळ तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, पुरवणी परीक्षेत आणखी १ उत्तीर्ण. ते वाचून मुलगा मला येऊन म्हणाला, सर, तो एक म्हंजे मीच ना.

पर्यवेक्षकांना अहवालात पाच वर्षांचा चढता आलेखही हवा होता. तो मी टाळला. राज्याचाच निकाल बघा: २०१९ साली ७७.१० टक्के, २०२० साली ९५.३०. एका वर्षात पोरं अठरा टक्क्यांनी हुशार झाली नाहीत. २०१९ ला भाषांसारख्या विषयांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ लागला. असे आकडे एका रेघेने जोडले की रेघ शाळेबद्दल काही सांगत नाही. शिवाय ५७ मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे पावणेदोन टक्के. एका मोटारसायकलच्या घसरण्याने आलेख वाकतो.

प्रूफ आलं तेव्हा छापखान्यातल्या पोराने फोन केला. म्हणाला, “सर, बाकीच्या शाळा नुसते टक्के देतात, ठळक अक्षरात. तुमच्या ओळीत आकडेच आकडे. नोंदणी ५९, प्रविष्ट ५७, उत्तीर्ण ५५. बसत नाही एका ओळीत. पहिला आकडा काढू का?”

म्हटलं, दोन ओळी कर.